उभ्या गाडीचं पेट्रोल

वजीरची बायको हसीना मुदतीच्या तापानं गेली, तेव्हा वजीर कांद्याची खेप घेऊन मुंबईला गेला होता. तो निघाला त्या दिवशी तिला जरा उतार होता. "तुम्ही जावा, माल नासंल," असं म्हणून तिनंच त्याला घराबाहेर काढलं होतं. तो परत आला दुसऱ्या दिवशी भर दुपारी. नेहमीच्या जागी, घरासमोरच्या चिंचेखाली त्यानं लॉरी उभी केली, इंजिन बंद केलं, आणि मग घर किती गप्प आहे ते त्याला ऐकू आलं. ओट्यावर माणसं बसली होती. सगळी त्याच्याकडं बघत होती आणि बोलत कुणीच नव्हतं. माती होऊन गेली होती.

तो रडला नाही. त्यानं हातपाय धुतले, पुढं आलेलं ताट जेवला आणि भिंतीला टेकून बसला. लोकांनी वाट बघितली, आता फुटेल, मग फुटेल. तो फुटला नाही. चार दिवसांनी पुण्याचा माल निघाला तशी त्यानं लॉरी काढली. त्याची आई खातूनबी धाकट्या सुनेला, मदिनाला म्हणाली, "ह्यो एकदा रडला असता तर मला झोप लागली असती."

कुरुळीत हे दोघं भाऊ, वजीर आणि शफी, एकाच घरात राहत. बाप चाकणच्या बाजारात हमाली करून गेला. वजीर लढाईच्या दिवसांत लष्करात लॉरीवर होता, क्वेट्ट्याच्या बाजूला. लढाई संपली, फौजा घरी आल्या, आणि खडकीला जुन्या लष्करी लॉऱ्या लिलावात निघाल्या. त्यातली एक दोघा भावांनी मिळून घेतली. रंग हिरवाच ठेवला. वजीर चालवायचा, शफी माल ठरवायचा, पेट्रोल भरायचा, टायरांकडं बघायचा. भागीत कधी खटका उडाला नव्हता. शफी दहा वर्षांनी लहान, आणि वजीरच्या खांद्यावर बसूनच त्यानं चाकणचा बाजार पहिल्यांदा बघितलेला.

सकाळी लॉरी थोडी गरम करून मग काढायची, ही वजीरची पद्धत पहिल्यापासूनची. हसीना होती तेव्हा ते गरम करणं चहाएवढंच असायचं. तो हँडल मारायचा, इंजिन लागायचं, ती चहा आणून द्यायची, चहा संपला की तो निघायचा. ती गेल्यावर ते गरम करणं लांबत गेलं. थंडी पडली तसं आणखीच लांबलं. हँडल मारायचं, चोक ओढून ठेवायचा आणि आत चढून बसायचं. दोन्ही हात चाकावर. इंजिनाबरोबर चाक थरथरायचं, सीट थरथरायची, दात एकमेकांवर हलके वाजायचे. डोक्यात काही उरायचं नाही. ऊन चिंचेच्या शेंड्यावरून खाली उतरायचं आणि लॉरी तिथंच धूर सोडत उभी असायची.

समोरच्या घरातला चिमाजी कांद्याचा बागायतदार. त्याचाच माल वजीर बऱ्याचदा न्यायचा. एकदा तो तोंड धुता धुता ओरडला, "वजीरभाई, गाडी हाय का जातं? किती दळताय?"

"थंड इंजिन वढाया लावलं तर मरतं, चिमाजी. लष्करात आमी तासनतास चालू ठेवायचो."

यावर कोण काय बोलणार? लष्करातला ड्रायव्हर. गावात दुसरं कुणाला लॉरीतलं कळत होतं? चाकणच्या बाजारात माल चढत असतानाही तो इंजिन बंद करीनासा झाला. बॅटरी कमजोर आहे, परत हँडल मारावं लागतं, असं सांगायचा. ते खोटंही नव्हतं.

पेट्रोल कमी पडतंय हे पहिल्यांदा शफीच्या ध्यानात आलं. खेपा त्याच, रस्ता तोच, माल तेवढाच. तरी पूर्वी ज्या भरणीत पुण्याला जाऊन घरी यायला व्हायचं, त्या भरणीत आता परतीला भोसरीच्या आसपासच टाकी खडखडायला लागली. शफीनं टाकी बघितली. खाली आडवा होऊन नळी बोटानं चाचपली. सगळं कोरडं. कुठं ठिबका नाही, वास नाही. मग उरलं एकच, आणि ते मनात आलं तसं त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण एकदा आलेलं ते जाईना.

"भाईजान तसलं न्हाई करायचे," मदिना म्हणाली.

"मग जातंय कुठं?"

"रोज सकाळी एवढा वेळ गाडी चालू असती की."

"उभ्या गाडीला काय लागतंय गं? चाकं तरी फिरत्यात का?"

मदिनालाही ते पटलं. सगळ्यांनाच पटलं असतं. जी गाडी जागची हलत नाही, ती किती पेट्रोल पिणार?

एका सकाळी शफी लॉरीच्या पायरीवर चढला. इंजिन चालू होतं. वजीर समोर काचेकडं बघत होता, पण काचेपलीकडचं त्याला दिसत असेल असं वाटत नव्हतं.

"भाई, पेट्रोल कुणाला देतोस?"

इंजिनाच्या आवाजात ते ऐकू गेलं नाही. वजीरनं नुसती मान वळवली. मग शफीला तेच ओरडून विचारावं लागलं, आणि ओरडलेलं समोरच्या घरापर्यंत गेलं. दारात उभा असलेला चिमाजी आत वळला.

"कुणाला न्हाई," वजीर म्हणाला.

"मग जातंय कुठं?"

"मला ठावं न्हाई."

शफीला वाटलं होतं, भाई चिडेल. थोबाडीत मारेल. मारली असती तर त्यानं पाय धरले असते आणि विषय मिटला असता. पण वजीरच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय आणि आपण सहज ऐकतोय, तसा तो बसून होता. त्यानंच शफीचं डोकं भडकलं.

"उद्यापासनं गाडी मी नेतो."

"ने."

वजीर तसाच खाली उतरला आणि घरात गेला. लॉरी चालूच राहिली. शफीला ती बंद करायला हात आत घालावा लागला.

खातूनबीनं धाकट्याला त्या दिवशी जे सुनावलं, ते गल्लीनं ऐकलं. वजीर म्हणाला, "जाऊ दे अम्मा. न्हाईतरी बसूनच असतो मी." मग तो ओट्यावर बसायला लागला. खातूनबी कोंबड्यांना दाणे टाकायची, मदिना पाण्याला जायची, तो बसलेला असायचा. भावानं चोर ठरवलं, हे त्याला कळत होतं. त्याचं वाईट वाटायला हवं, हेही कळत होतं. पायाला मुंगी चावलेली दिसावी आणि चावा जाणवू नये, असं ते होतं.

शफी लॉरी चालवायचा, पण त्याला दम निघत नसे. हँडल मारलं, इंजिन धडधडलं की लगेच पाय दाबून गुरगुरवायचा आणि धुरळा उडवत गावाबाहेर. आठवडाही झाला नसेल. चिमाजीचा कांदा घेऊन, चिमाजीलाच शेजारी बसवून तो पुण्याला निघाला होता. मोशीला इंद्रायणी ओलांडली आणि पलीकडचा चढ लागला. आधी इंजिनात कुणी हातोडीनं ठोकल्यासारखा आवाज आला. चढावर शफीनं पाय आणखी दाबला. ठोकणं वाढलं, पार पायाखालच्या पत्र्यातनं जाणवायला लागलं, आणि एक मोठा आवाज होऊन लॉरी थांबली. चिमाजीनं बैलगाड्या बोलावून कांदा उतरवला. लॉरी दुसऱ्या लॉरीला बांधून चाकणला अन्वर मिस्त्रीच्या गॅरेजात आणली.

संध्याकाळी गावात निकाल लागला होता. पोरानं थंड इंजिन ओढलं आणि मारलं. चिमाजी मुद्दाम ओट्याशी आला. "वजीरभाई, तुमचंच खरं ठरलं बघा. त्या दिवशी मी ऐकलं व्हतं, शफी काय बोलला ते. आता बस म्हणावं गप्प."

वजीरनं "व्हय" म्हटलं. आपलं खरं ठरलं यात बरं वाटण्यासारखं काही आहे का, ते त्यानं आत चाचपून बघितलं. काही हाती लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी अन्वर मिस्त्रीचा निरोप आला, की लॉरी जो रोज चालवत होता त्याला पाठवा. वजीर चाकणला चालत गेला. शफी तिथं आधीच होता, एका रिकाम्या पिंपावर मान खाली घालून बसलेला. अन्वर पुण्याच्या एका मोठ्या गॅरेजात शिकून चाकणला आलेला. बुटका, सुपारी चघळणारा, आणि बोलताना समोरच्याकडं न बघता हातातल्या कामाकडं बघणारा. त्यानं इंजिनाखालचं चेंबर, म्हणजे तेल साठतं ते खालचं भांडं, खोलून ठेवलं होतं. तेल एका घमेल्यात काढलं होतं.

"वजीरभाई, तेल शेवटचं कधी टाकलं?"

"टाकावंच लागलं न्हाई." यावेळी वजीरच्या आवाजात जरा जीव आला. जुन्या ड्रायव्हरचा मान होता तो. "माझं इंजिन तेल खात न्हाई. पट्टी काढून बघितली का खुणेच्या वरच. दिवाळीपासनं तर उलट चढलंच हाय."

अन्वरचा हात थांबला. पहिल्यांदाच त्यानं वर बघितलं. "चढलंय? तेल काय वितं का, वजीरभाई?"

अन्वरनं घमेलं त्याच्यापुढं सरकवलं.

"वास घ्या."

वजीरनं घमेल्यात बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं. पाण्यासारखं पातळ. नाकाशी नेलं. पेट्रोल.

"दिवाळीपासनं चढलं ते हे," अन्वर म्हणाला. "चोक वढून थंड इंजिन जागेवर चालू ठेवलं, का त्याला हवं त्यापेक्षा जास्त पेट्रोल मिळतं. सगळं जळत न्हाई. न जळलेलं सिलिंडरच्या भिंतीवरनं खाली येतं, भिंतीवरचं तेल धुऊन घेतं, आणि ह्या चेंबरात पडतं. गाडी रोज लांब पळाली, चांगली तापली, तर थोडं उडून जातं. पण रोजच नवीन पडत राहिलं तर कुठवर उडंल? तेलातला दाटपणा गेला. मग बेअरिंगला काय राहिलं? लोखंडावर लोखंड." त्यानं एक बेअरिंग पुढं केलं. आतला पांढरा थर जागोजागी निघून गेला होता.

शफीनं पिंपावरून मान वर केली. "म्हंजी मी थंड वढली म्हणून न्हाई?"

"थंड गाडी गुरगुरवलीत, चढाला रेटलीत, ते चूकच. पण चार दिवसांत एवढं होत न्हाई. हे महिन्यांचं हाय. तुमी निमित्त झालात."

"लष्करात..." वजीर म्हणाला.

"लष्करात कुठं होता?"

"क्वेट्टा."

"बर्फ पडायचं?"

"पडायचं."

"मग बरोबर हाय. तिथं बंद केली तर रेडिएटरातलं पाणी गोठून इंजिन फुटतं. कुरुळीत काय गोठतं? आपल्याकडं गाडी लागली, तेलाच्या दाबाचा काटा वर आला, का बास. इंजिन अडखळायचं थांबलं का निघायचं. थंडीत एखादा मिनिट, फार तर दोन. दोरी आवळलीय का बघून आलं एवढा वेळ. मग हळू, पाय न दाबता, पाणी तापल्याचा काटा चढंपर्यंत न रेटता. इंजिनाला गरम करतं ते काम. बसून गरम व्हायला लई वेळ लागतो, आणि गिअरबॉक्स तर तरीपण थंडच. चालता चालता लवकर तापतं."

शफी अजून घमेल्याकडं बघत होता. "पण पेट्रोल लई गेलंय, मिस्त्री. एवढं काय ह्यातच?"

"ह्यात थोडं. बाकीचं सायलेन्सरातनं गेलं."

"उभ्या गाडीला?"

अन्वरनं सुपारी गालात सरकवली. "गाडी नीट होऊ द्या. तुमच्या डोळ्यांनी बघा."

गाडी नीट व्हायला बराच काळ गेला. बेअरिंगं पुण्याहून नवा थर भरून आली. शफी रोज गॅरेजात जायचा, वजीर घरी. जेवायला दोघं एका दस्तरखानावर बसत आणि मीठ, भाकरी एवढंच बोलत. शफीनं दोनतीनदा काही म्हणायला तोंड उघडलं, पण पेट्रोलाचं कोडं सुटलेलं नव्हतं, आणि न सुटलेल्या कोड्यावर माफी कशी मागायची ते त्याला कळत नव्हतं.

शेवटी एका थंड सकाळी अन्वरनं दोघांनाही बोलावलं. टाकीची नळी सोडून त्यानं बॉनेटजवळ उंचावर एक काचेची बाटली उलटी बांधली होती आणि तिचं पेट्रोल कार्बुरेटरला जोडलं होतं. शेजारी भरलेल्या आणखी बाटल्या. "वजीरभाई, तुमी रोज करता तसं करा. चोक वढा आणि बसा."

वजीर आत बसला. इंजिन लागलं. चाक थरथरलं, सीट थरथरली. पण आज काचेपलीकडं शफी उभा होता, आणि बाटलीतलं पेट्रोल दिसत होतं. ते डोळ्यांदेखत उतरत होतं. संपत आलं तशी अन्वरनं दुसरी बाटली जोडली. मग तिसरी. पाण्याचा काटा अजून निम्म्यावरही नव्हता. शफीनं रिकाम्या बाटल्या पायानं एका बाजूला केल्या आणि तिथंच खाली बसला.

"रोज एवढा वेळ?" अन्वरनं ओरडून विचारलं.

"जास्त," वजीर म्हणाला.

"बंद करा. एवढ्या पेट्रोलात ही लॉरी माल भरून इथनं तुमच्या दारात गेली असती."

तेल पुन्हा बदलून घेऊन, दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं भाऊ लॉरी न्यायला आले. अन्वरनं वजीरलाच चाकावर बसवलं. इंजिन लागलं, तेलाचा काटा सरकन वर आला. वजीरचा हात सवयीनं चोकवर तसाच राहिला. अन्वरनं बाहेरून बॉनेटवर थाप मारली. वजीरनं चोक हळूहळू आत सारला. इंजिन जरासं अडखळलं आणि लागून राहिलं. तो निघाला. बाजार मागं पडला, रस्ता मोकळा झाला. पाण्याचा काटा चढत होता. कुरुळीचा फाटा यायच्या आत तो आपल्या जागी येऊन थांबला.

"भाई," शफी म्हणाला, "मी तुला चोर म्हणालो."

"चोर न्हाई म्हणलास. कुणाला देतोस म्हणलास."

"तेच की ते."

वजीरनं गिअर बदलला. थोडा रस्ता गेला. "गरम करत नव्हतो मी, शफ्या."

"मग?"

"बसत व्हतो. बंद केली का घर ऐकू येतं."

शफी त्याच्याकडं वळला, पण वजीर रस्त्याकडं बघत होता. त्याच्या आवाजात काही हललं नव्हतं. टायरात हवा कमी आहे असं सांगावं तसं त्यानं ते सांगितलं होतं. शफीनं तोंडावर हात फिरवला, मग तोच हात भावाच्या गुडघ्यावर ठेवला आणि घर येईपर्यंत उचलला नाही.

वजीर पुन्हा लॉरी चालवायला लागला. सकाळी हँडल, काटा, दोरीवर एक नजर, की निघाला. चिमाजीला ते पटलं नाही. त्या मिस्त्रीचं ऐकून वजीर इंजिन मारणार, असं तो म्हणत राहिला. इंजिन मेलं नाही. पुण्याची भरणी पुन्हा घरापर्यंत पुरायला लागली. गाडी लवकर निघते म्हणून वजीर पोचायचाही लवकर, आणि मग त्याच्या हातात नुसता वेळ उरायचा.

त्या सुमाराला पिंपरीच्या माळावर कारखान्याचं बांधकाम चालू होतं. शफीनं तिथं वाळूची खेप ठरवली. वजीर गेला तर पुढं लॉऱ्यांची रांग लागलेली, सगळ्यांची इंजिनं चालू, माळावर निळा धूर. रांग हलायची चिन्हं नव्हती. वजीरनं थोडा वेळ वाट बघितली. मग इंजिन बंद केलं. मनात आलं, आता घर ऐकू येणार. तो चाक धरून बसून राहिला. पुढच्या लॉरीचा ड्रायव्हर कुणाला तरी शिव्या देत होता. बायका डोक्यावरच्या पाट्या रिकाम्या करत होत्या. वाळू फळीच्या फटीतून बारीक गळत होती. काही आलं नाही, काही झालं नाही. रांग हलली तेव्हा त्यानं खाली उतरून हँडल मारलं.

त्या संध्याकाळी त्यानं चिंचेखाली लॉरी लावली, बंद केली आणि घरात आला. खातूनबी चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. मदिना कांदा चिरत होती. तो आईजवळ उकिडवा बसला. आजवर त्यानं एक गोष्ट कुणालाच विचारली नव्हती, आणि त्यानं विचारलं नाही म्हणून कुणी सांगितली नव्हती.

"अम्मा, त्या दिवशी काय काय झालं?"

खातूनबीचा हात पिठात तसाच राहिला. कुठल्या दिवशी, असं तिनं विचारलं नाही.

"सकाळी बरी व्हती," ती म्हणाली. "उठून बसली. भूक न्हाई म्हणाली, पर ताक प्याली. मग मदिनाला म्हणाली, केसांचा गुंता झालाय, इंचरून दे."

"दिलेस?" वजीरनं मदिनाकडं बघितलं.

मदिनानं मान हलवली. "लई गुंता व्हता, भाईजान. मी हळूहळू काढला. येणी घातली. मग पडते जरा म्हणाली."

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. कुणी ती उलटली नाही. वजीरनं भिंतीला पाठ टेकली, पाय लांब केले.

"आणखी सांग," तो म्हणाला.